अडीअडचणीचा पैसा कुठे ठेवावा: बचत खाते, लिक्विड फंड की अल्पमुदतीची ठेव?

नोकरी गेली, घरातले कोणी अचानक आजारी पडले किंवा पावसात छप्पर उडाले, तर लागणारा चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवावा, हे आता बहुतेकांना पटलेले असते. प्रश्न उरतो तो हा पैसा ठेवायचा कुठे याचा, आणि तिथे चर्चा लगेच व्याजदराकडे वळते. बचत खात्यावर अडीच टक्के मिळतात, ठेवीवर साडेपाच, लिक्विड फंडात कदाचित सहा, मग बचत खात्यात पैसे का कुजवायचे, असा सवाल केला जातो. माझ्या मते या पैशाची निवड व्याजदरावरून करणे योग्य नाही. हा पैसा कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणाच्या सहीने हातात येईल, हे आधी पाहावे, व्याज त्यानंतर. असे का म्हणतो, ते एका उदाहरणाने पाहू आणि त्यासाठी चतुर्थीचेच दिवस घेऊ, कारण गोव्यात पैशाची वाट अडण्याचे ते सर्वांत मोठे निमित्त आहे.

२०२६ साली गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. त्याआधीचा शनिवार, १२ तारीख, हा महिन्याचा दुसरा शनिवार असल्यामुळे बँका बंद. १३ तारखेला रविवार. सोमवारी चतुर्थी आणि मंगळवारी चतुर्थीचा दुसरा दिवस, ज्या दिवशी गोव्यात बँकांना सुट्टी देण्याचा प्रघात आहे. म्हणजे शुक्रवारी, ११ तारखेला संध्याकाळी शाखेचे दार बंद झाले की ते बुधवारी, १६ तारखेला सकाळीच उघडणार.

आता फोंड्यातील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. नवरा वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरीला, बायको शाळेत शिक्षिका, दोन मुले आणि सासूबाई. महिन्याचा खर्च ४०,००० रुपये आणि त्यांनी सहा महिन्यांचे, म्हणजे २,४०,००० रुपये बाजूला ठेवलेले आहेत. माटोळीची तयारी चालू असताना शनिवारी रात्री सासूबाई पाय घसरून पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. बांबोळीच्या गोमेकॉत नेले असते तर खर्च बराच कमी आला असता. परंतु घरच्यांनी जवळच्या खाजगी रुग्णालयात नेले आहे आणि तिथे दाखल करताना ५०,००० रुपये आगाऊ भरावे लागतील. शस्त्रक्रिया सोमवारी ठरते आणि त्याआधी आणखी ८०,००० रुपये मागितले जातात. आरोग्य विम्याचे जे काही मिळायचे ते मागाहून मिळेल. शनिवारी रात्री ते सोमवारी सकाळ या अवधीत १,३०,००० रुपये उभे करायचे आहेत. त्यांचे २,४०,००० कुठे आहेत, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

समजा, सगळे पैसे शाखेत जाऊन केलेल्या एकाच मुदत ठेवीत आहेत आणि कपाटात त्याची छापील पावती आहे. अशी ठेव अनेक बँकांत मोबाईलवरून मोडता येत नाही. पावतीच्या मागे सही करून ती शाखेतच द्यावी लागते. शाखा बुधवारी उघडेल. पैसे सुरक्षित आहेत, व्याजही चालू आहे, पण या कुटुंबाला ते नको तेव्हा मिळणार आहेत.

त्यात आणखी एक अडचण लपलेली असते, जी ठेव करताना कोणी सांगत नाही. ठेव पती-पत्नीच्या नावे ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने केलेली असली, तरी ती सवलत मुदत पूर्ण झाल्यावर पैसे घेण्यासाठी असते. मुदतीपूर्वी ठेव मोडायची तर बँक सामान्यतः दोघांच्याही सह्या मागते, आणि दोघांपैकी एक जण मरण पावला असेल तर त्याच्या वारसांची संमतीही मागू शकते. रिझर्व्ह बँकेने यावर उपाय ठेवला आहे: मुदतीपूर्वी ठेव मोडण्याचा अधिकार दोघांपैकी कोणाही एकाला किंवा मागे राहिलेल्याला असेल, असे दोघांनी मिळून बँकेला लेखी कळवता येते. हे कलम ठेवीच्या अर्जात आहे का ते पाहावे आणि नसेल तर शाखेतून त्याचा नमुना मागून भरून द्यावा. ज्या संकटासाठी हा पैसा ठेवला, त्यात नवरा किंवा बायको स्वतःच अतिदक्षता विभागात असण्याची शक्यता असते, आणि तिथून सही आणणे शक्य नसते.

आता समजा, तेच पैसे ठेवीतच आहेत, पण ठेवी मोबाईल ॲपवरून केलेल्या आहेत आणि एका मोठ्या रकमेऐवजी २५,००० च्या तुकड्यांत आहेत. अशा ठेवी ॲपवरूनच मोडता येतात आणि पैसे बहुधा काही मिनिटांत बचत खात्यात उतरतात. काही बँका ही सोय रात्री बंद ठेवतात, त्यामुळे आपल्या बँकेची वेळ आधीच पाहून ठेवावी. तुकडे करण्याचे कारण साधे आहे: ५०,००० ची गरज असताना दोन पावत्या मोडल्या की उरलेल्या पावत्यांवरचे व्याज तसेच चालू राहते.

मुदतीपूर्वी मोडल्यास नुकसान किती, याची लोकांना वाटते तेवढी धास्ती घेण्याचे कारण नाही. बँक आपल्याला ठरलेला दर देत नाही. ठेव प्रत्यक्षात जितके दिवस राहिली, तितक्या दिवसांसाठी जो दर होता तो देते आणि त्यातून दंड म्हणून बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. उदाहरणादाखल, १८० दिवसांची ठेव साडेपाच टक्क्यांनी केली आणि शंभराव्या दिवशी मोडली. शंभर दिवसांच्या ठेवीचा दर पाच टक्के होता आणि दंड एक टक्का, म्हणजे हाती चार टक्के. ५०,००० रुपयांवर शंभर दिवसांचे व्याज सुमारे ५४८ रुपये मिळेल. ठरलेल्या दराने ते सुमारे ७५३ झाले असते. नुकसान दोनशे रुपयांच्या आसपास आहे आणि मुद्दलाला धक्का नाही. फक्त सात दिवसांच्या आत मोडल्यास व्याज मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

‘ठेव’ म्हटले की सगळ्या ठेवी सारख्या नसतात. कर वाचवण्यासाठी केलेली पाच वर्षांची बँक ठेव मुदतीआधी मोडताच येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. पोस्टातील मुदत ठेव पहिले सहा महिने मोडता येत नाही. या दोन्ही ठेवी आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण त्या या कामाच्या नव्हेत.

लिक्विड फंडाकडे वळू. हा म्युच्युअल फंडाचा एक प्रकार असून तो जास्तीत जास्त ९१ दिवसांत परत मिळणाऱ्या कर्जरोख्यांत पैसे गुंतवतो: सरकारची ट्रेझरी बिले, बँकांची ठेव प्रमाणपत्रे, कंपन्यांचे व्यापारी रोखे. कर्जाची मुदत इतकी कमी असल्यामुळे व्याजदर वरखाली झाले तरी फंडाच्या किमतीवर फारसा परिणाम होत नाही आणि युनिटची, म्हणजे फंडातील एका हिश्श्याची, किंमत रोज किंचित वाढत जाते. बाहेर पडण्याचा खर्च नगण्य असतो: पहिल्याच दिवशी पैसे काढले तर एका लाखावर सात रुपये, तो पुढे कमी होत जातो आणि सातव्या दिवसापासून शून्य.

पण पैसे मिळण्याचे वेळापत्रक नीट समजून घ्यावे लागते, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत विनंती दिली तर पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँक खात्यात येतात. तीननंतर दिली तर ती विनंती पुढच्या कामकाजाच्या दिवसाची धरली जाते. हे दिवस मोजताना मुंबईतील बाजाराचे आणि बँकांचे कामकाज पाहिले जाते, गोव्यातील नव्हे. त्यामुळे ३ डिसेंबरला सेंट झेवियरच्या फेस्ताला किंवा १९ डिसेंबरला मुक्तिदिनाला पणजीतील शाखा बंद असली, तरी मुंबईत काम चालू असल्यास फंडाचे पैसे येऊ शकतात, आणि उलटही घडते.

आपल्या उदाहरणातील कुटुंबाने सगळे पैसे लिक्विड फंडात ठेवले असते तर काय झाले असते? शुक्रवारी दुपारी तीनपूर्वी विनंती गेली असती तर पैसे मंगळवारी आले असते, कारण मधला सोमवार मुंबईतही सुट्टीचा आहे. परंतु अपघात शनिवारी रात्री झाला. तेव्हा दिलेली विनंती मंगळवारची धरली जाईल आणि पैसे बुधवारी, १६ तारखेला येतील, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी.

यावर उतारा म्हणून काही फंड तत्काळ पैसे देण्याची सोय ठेवतात. २०१७ साली म्युच्युअल फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीने तिला मर्यादा घालून दिली: एका गुंतवणूकदाराला एका योजनेतून एका दिवसात ५०,००० रुपये किंवा गुंतवणुकीच्या ९० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी. हे पैसे सुट्टीच्या दिवशी आणि रात्रीही आयएमपीएसने काही मिनिटांत खात्यात येतात. म्हणजे शनिवारी रात्रीचे ५०,००० निघाले असते. रविवारी पुन्हा ५०,००० आणि सोमवारी उरलेले ३०,००० काढून कागदावर हिशेब जमतो. मात्र तीन दिवस ओळीने एकाच सोयीवर विसंबून राहणे आले, आणि ती सोय प्रत्येक लिक्विड फंडात नसते. ज्यांनी फंड घेताना हे पाहिलेलेच नाही, त्यांना रुग्णालयाच्या काउंटरवर उभे असताना ते कळते.

लिक्विड फंडात हे पैसे केवळ फंडाकडे नोंदवलेल्या बँक खात्यातच जातात, ही सुरक्षिततेची बाब आहे, पण तीच अडचणही होऊ शकते. ते खाते बंद पडलेले असेल किंवा बँक बदललेली असेल तर नवे खाते नोंदवून ते मान्य व्हायला काही दिवस जातात. शिवाय फोलिओ, म्हणजे फंडाकडचे आपले खाते, एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल आणि दवाखान्यात तोच असेल, तर बायकोला त्यातून एक रुपयाही काढता येत नाही. फोलिओ दोघांच्या नावे, ‘कोणीही एक किंवा हयात असलेला’ या पद्धतीने उघडला तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. तरीही तत्काळ पैसे काढण्याची सोय संयुक्त फोलिओला लागू आहे का, हे त्या फंडाला वेगळे विचारावे.

आता सुरक्षिततेविषयी. लिक्विड फंडाला ठेव विम्याचे संरक्षण नसते. फंडाने ज्या कंपनीचे रोखे घेतले तिने पैसे बुडवले तर युनिटची किंमत त्याच दिवशी उतरते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली तेव्हा काही लिक्विड फंडांना हा फटका बसला. लाखभर रुपयांच्या गुंतवणुकीत पाच टक्के घट झाली तर पाच हजार गेले, म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई एका दिवसात पुसली गेली. त्यानंतर २०१९ मध्ये सेबीने नियम कडक केले आणि लिक्विड फंडाने किमान २० टक्के रक्कम रोख, ट्रेझरी बिले, सरकारी रोखे अशा लगेच मोकळ्या होणाऱ्या मालमत्तेत ठेवावी, असे बंधन आले. धोका कमी झाला, संपला नाही. फंड दर महिन्याला आपल्याकडील रोख्यांची यादी प्रसिद्ध करतो. तिच्यात सरकारी बिले आणि मोठ्या बँकांची प्रमाणपत्रे जास्त दिसत असतील आणि परतावा इतर लिक्विड फंडांपेक्षा उगाच वरचढ नसेल, तर तो फंड या कामाला बरा. अर्ध्या टक्क्याच्या जादा परताव्यामागे बहुधा कमी दर्जाचे कर्ज असते.

बँकेतला पैसा मग पूर्ण सुरक्षित आहे का? गोव्याच्या वाचकांना याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. म्हापसा अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध काही वर्षे राहिले आणि एप्रिल २०२० मध्ये तिचा परवाना रद्द झाला. पुढे जुलै २०२१ मध्ये मडगाव अर्बन बँकेचाही परवाना रद्द झाला. ठेव विमा आणि पतहमी महामंडळ एका बँकेतील एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत भरपाई देते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. त्यामुळे लहान ठेवीदारांचे बहुतांश पैसे बुडाले नाहीत. पण निर्बंधांच्या काळात खात्यातून काढता येणारी रक्कम तुटपुंजी होती. पैसा सुरक्षित असणे आणि हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अडीअडचणीच्या पैशासाठी दोन्ही एकाच वेळी लागतात.

२०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता बँकेवर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांच्या आत मिळण्याची तरतूद आहे: पहिले ४५ दिवस बँकेने याद्या देण्यासाठी आणि पुढचे ४५ दिवस पडताळणी व वाटपासाठी. पूर्वीच्या मानाने ही फार मोठी सुधारणा आहे. तरीही ९० दिवस म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्च. म्हणून माझा आग्रह असा की अडीअडचणीचा सगळा पैसा एकाच बँकेत ठेवू नये, मग ती कितीही जुनी आणि गावातल्या ओळखीची असो. दोन बँका, दोन कार्डे, आणि शक्यतो त्यांतील एक मोठी व्यापारी बँक.

पतसंस्थांबाबत मात्र स्पष्ट बोलायला हवे. बाजारात रोज फिरणाऱ्या एजंटाकडे पिग्मी भरणारे दुकानदार फोंडा, म्हापसा, डिचोली, कुठेही भेटतात आणि त्यातल्या अनेकांना ती संस्था बँकच वाटते. सहकारी पतसंस्थेतील ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण नसते. नागरी सहकारी बँकेला असते, पतसंस्थेला नसते. व्याज जास्त मिळते म्हणून तिथे काही रक्कम ठेवायची असेल तर तो ज्याचा त्याचा निर्णय, पण अडीअडचणीचा पैसा तिथे ठेवू नये.

बचत खाते हे सर्वांत कमी व्याजाचे आणि सर्वांत जलद हाती येणारे साधन आहे. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, फक्त तीन-चार बारकावे आहेत. यूपीआयने सर्वसाधारणपणे दिवसाला एक लाख रुपये पाठवता येतात. रुग्णालयांना पैसे भरताना ही मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवलेली आहे, पण आपली बँक आणि ते रुग्णालय या दोघांकडे ती सोय चालू असली तरच. कार्ड आणि एटीएमची मर्यादा ॲपमध्ये जाऊन पाहावी, कारण अनेकांनी सुरक्षिततेसाठी ती कधीतरी पाच-दहा हजारांवर आणलेली असते. यूपीआय नव्या फोनवर सुरू केले तर पहिले २४ तास मर्यादा कमी असते, म्हणून फोन बदलल्यावर लगेच एकदा सगळे जोडून घ्यावे. आणि ज्या खात्याला वर्षानुवर्षे हात लागत नाही, ते दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार न केल्यास निष्क्रिय होते. बँकेने जमा केलेले व्याज हा ग्राहकाचा व्यवहार मानला जात नाही. सहा महिन्यांतून एकदा शंभर रुपये इकडून तिकडे पाठवले तरी पुरे.

गोव्यात आणखी एक बाब महत्त्वाची वाटते. टॅक्सी चालवणारे, खोल्या भाड्याने देणारे, किनाऱ्यावर शॅक किंवा दुकान असणारे यांच्या खात्यात रोज अनोळखी पर्यटकांचे पैसे यूपीआयने येतात. त्यांतील एखादी रक्कम कुठेतरी झालेल्या सायबर फसवणुकीच्या साखळीतील निघाली, तर तक्रारीवरून बँक तेवढी रक्कम, आणि कधी कधी पूर्ण खातेच, गोठवते. खातेदार निर्दोष असला तरी ते सोडवायला वेळ लागतो. त्यामुळे व्यवसायाचे पैसे ज्या खात्यात येतात, त्या खात्यात अडीअडचणीचा पैसा ठेवू नये; त्याचे खाते वेगळे असावे आणि त्याचा क्यूआर कोड कोणालाही देऊ नये.

या सगळ्याचा विचार करून फोंड्याच्या कुटुंबाने पैशाची वाटणी अशी केली असती: ८०,००० रुपये दोघांच्या नावे असलेल्या बचत खात्यांत, त्यातले ५०,००० एका बँकेत आणि ३०,००० दुसऱ्या बँकेत, १,००,००० रुपये त्या दुसऱ्या बँकेत ॲपवरून केलेल्या २५,००० च्या चार ठेवींत, आणि ६०,००० रुपये तत्काळ पैसे देणाऱ्या लिक्विड फंडात. शनिवारी रात्री दाखल करताना पहिल्या खात्यातून ५०,००० गेले. रविवारी सकाळी दोन ठेवी मोडल्या, दुसऱ्या खात्यातील ३०,००० त्यांत मिळवले आणि सोमवारचे ८०,००० तयार झाले. लिक्विड फंडाला हातही लागला नाही. सासूबाई घरी आल्यावर महिनाभर लागणारी औषधे, फिजिओथेरपी आणि रात्रीची आया यांसाठी तो राखून राहिला.

व्याजात याची किंमत काय पडली? बचत खात्यावर अडीच, ठेवीवर साडेपाच आणि फंडात सहा टक्के धरले, तर वर्षाला २,००० अधिक ५,५०० अधिक ३,६००, म्हणजे ११,१०० रुपये होतात. सगळे २,४०,००० लिक्विड फंडात ठेवले असते तर १४,४०० मिळाले असते. फरक ३,३०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला २७५. तिन्हीकडच्या उत्पन्नावर कर आपापल्या स्लॅबप्रमाणेच लागतो, कारण १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा फंडांच्या नफ्याला वेगळी सवलत उरलेली नाही. त्यामुळे करानंतर हा फरक आणखी कमी होतो. सगळे पैसे बचत खात्यातच ठेवले असते तर ६,००० मिळाले असते, आणि ज्यांना ॲप वापरणे अवघड वाटते किंवा ज्यांची एकूण शिल्लक महिन्याभराच्या खर्चाइतकीच आहे, त्यांनी खुशाल तेच करावे.

घरात थोडी रोख असू द्यावी. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही तासन्‌तास जातात आणि सणाच्या दिवसांत एटीएम रिकामी पडतात. पाच-दहा हजार रुपये, त्यात शंभर-दोनशेच्या नोटा जास्त, एवढ्यावर रात्रीची गाडी आणि पहिली औषधे भागतात.

वाटणी केल्यावर ती एकदा चालवून पाहावी. एखाद्या रविवारी लिक्विड फंडातून तत्काळ सोयीने हजार रुपये काढावेत आणि ते कोणत्या खात्यात, किती वेळात आले ते पाहावे. ॲपमधून एक लहान ठेव मोडून पाहावी. हे दोन्ही घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने, तिच्या फोनवरून, कोणाला न विचारता करून पाहावे. ज्या पायरीवर ती अडेल तिथले नाव, सही, पासवर्ड किंवा मर्यादा त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावी. पैसे वापरले गेले की भरून काढताना आधी बचत खाते पूर्ववत करावे, मग मोडलेल्या पावत्या पुन्हा कराव्यात आणि लिक्विड फंड शेवटी भरावा.